केटीचा चौथा पाय आणि पाउचवरची ओळ

आपल्या कॉलेजात केटी कुणाला लागत नाही? पण आमच्या हॉस्टेलला एक केटी कायमची लागली आहे. तिला चार पाय आहेत, एक वाकडी शेपूट आहे आणि तिचा एकही विषय राहिलेला नसताना ती चौथ्या वर्षीही कॅम्पसमध्येच आहे. अंगाने तपकिरी, छातीवर पांढरा पट्टा, नाक काळं. मेसच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं सबमिशन तपासल्यासारखी बघत असते.

चार पाय मुद्दाम सांगितले, कारण गेल्या गॅदरिंगला आम्ही तिचा जो बॅनर छापला त्यात तिला तीनच होते. शिवाय त्याच बॅनरवर कुत्र्याच्या बिस्किटांचं जे पाउच होतं, त्यावर चुकीचा मजकूर होता. पहिल्या चुकीवर अख्खं कॉलेज हसलं. दुसऱ्या चुकीवर कुणीच हसलं नाही. या दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं आणि त्याबद्दल मला एक ठाम मत मांडायचं आहे. मत असं: कुत्रा आणि छापील पाकीट एकाच फोटोत दोन्ही स्वच्छ दिसायला हवं असेल, तर एका क्लिकचा हट्ट सोडा, पण क्लिक सोडून चित्र चिकटवायलाही जाऊ नका. मधला रस्ता आहे, तो मेहनतीचा आहे आणि तोच बरोबर आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. आमच्या एका पासआउट सीनिअर दादाने घरच्या घरी कुत्र्यांची बिस्किटं बनवण्याचा छोटा उद्योग काढला. गॅदरिंगमध्ये स्टॉल लावायचा होता. दादा म्हणाला, "तुमच्याकडे कॅमेरा आहे, केटी आहे, मला एक फोटो काढून द्या. केटी हसरी पाहिजे आणि पाउचवरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे." आम्ही तिघे हो म्हणून बसलो. फोटोग्राफी क्लबचा चोवीस मेगापिक्सेलचा डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स, हॉस्टेलचा व्हरांडा. दहा मिनिटांचं काम!

पहिल्या दिवशी आम्ही भोक पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे एफ/१.८. मागची भिंत छान विरघळली, केटीचे डोळे काचेसारखे आले आणि तिच्या पुढच्या पंजांमध्ये ठेवलेलं पाउच म्हणजे रंगीत धुकं. फोकस पाउचवर नेला तर अक्षरं उमटली आणि केटीचं तोंड धुक्यात गेलं.

असं का होतं, हे समजायला फार काही लागत नाही. दहावीतले समरूप त्रिकोण पुरतात. एखाद्या बिंदूकडून निघालेला प्रकाश लेन्सच्या भोकात शंकूसारखा शिरतो. बिंदू फोकसच्या पातळीवर असेल तर तो ठिपकाच राहतो. पातळीच्या मागे किंवा पुढे असेल तर त्याची चकती होते. वस्तूच्या जागी मोजली तर चकती किती मोठी?

A × d / s

यात A म्हणजे भोकाचा व्यास, d म्हणजे वस्तू फोकसच्या पातळीपासून किती मागे-पुढे आहे ते अंतर, आणि s म्हणजे कॅमेऱ्यापासून फोकसपर्यंतचं अंतर. ५० ची लेन्स एफ/१.८ वर असेल तर भोक सुमारे २८ मिलिमीटर. आम्ही दीड मीटरवर होतो. केटी पाय पुढे पसरून बसली होती, त्यामुळे पंजांमधलं पाउच तिच्या डोळ्यांच्या जवळजवळ ३० सेंटिमीटर पुढे होतं. आकडे घाला: २८ गुणिले ३००, भागिले १५००. उत्तर साडेपाच मिलिमीटरच्या वर. पाउचवरची बारीक ओळ दीड मिलिमीटर उंचीची. दीड मिलिमीटरच्या अक्षरावर साडेपाच मिलिमीटरचा बोळा फिरवल्यावर काय उरणार?

दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण म्हणाला, "सोप्पंय, भोक बारीक कर." एफ/२२ लावलं. आता सगळं फोकसमध्ये येईल अशी अपेक्षा होती. झालं असं की सगळंच थोडं थोडं मळकट आलं. शिवाय प्रकाश इतका कमी शिरला की शटर हळू करावं लागलं आणि केटीची शेपूट म्हणजे पंखा झाला. शेपूट हलली तर एकवेळ चालेल, पण धापा टाकताना तिचं डोकंही हलत होतं, त्यामुळे मिशा आणि नाकाची कड दुहेरी आली.

मळकटपणाचं कारण म्हणजे डिफ्रॅक्शन. आपण फर्स्ट इयरला त्याचं प्रॅक्टिकल करतो आणि जर्नल लिहून विसरतो. भोक जितकं बारीक तितका प्रकाशाचा ठिपका पसरतो. हिरव्या प्रकाशाला एफ/८ वर तो ठिपका साधारण ११ मायक्रॉनचा होतो, एफ/२२ वर जवळजवळ ३० मायक्रॉनचा. आमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा. म्हणजे एफ/८ ला ठिपका तीनेक पिक्सेलांवर बसतो आणि एफ/२२ ला सात-साडेसातांवर. मध्ये दाट, कडेला विरळ असतो हे खरं, पण बारीक अक्षराच्या काना-मात्रा त्यात एकमेकांत मिसळतात. भोक लहान करून लांबी-खोली मिळते, ती अक्षरांच्या जिवावर मिळते. केसाळ कुत्र्याला हे चालतं. छापील ओळीला नाही चालत.

इथेच मला वाटतं बहुतेकांचा घोटाळा होतो. आपण "शार्प" हा शब्द दोन्हींना सारखाच वापरतो. पण कुत्रा आणि छपाई यांचं शार्प असणं वेगळं आहे. केटीच्या मानेवरचे केस अर्ध्या मिलिमीटरने पसरले तरी डोळ्याला केसच दिसतात. तिच्या डोळ्यातली चमक, नाकाची ओली खडबडीत कातडी आणि मिशा जागेवर असल्या की बाकीचं मन भरून काढतं. अक्षराचं तसं नाही. "२" आणि "३" मध्ये फरक किती? एका गाठीचा. ती गाठ पुसली गेली तर मन ती भरून काढतं खरं, पण चुकीची भरतं.

तिसऱ्या दिवशी वैतागून आम्ही शॉर्टकट मारला. दादाने मेलवर पाउचच्या डिझाइनची फाइल पाठवलेली होतीच. केटीचा एक चांगला फोटो घेतला, पाउचच्या जागी ती फाइल वाकवून चिकटवली, कडेला थोडी सावली मारली. अक्षरं अशी कडक दिसली की आम्ही तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. रात्री दोनला बॅनर छापायला गेला.

गॅदरिंगच्या दिवशी पहिली प्रतिक्रिया सेकंड इयरच्या पोराची. "अरे, केटीचा एक पाय कुठाय?" पाहिलं तर खरंच. मूळ फोटोत केटीचा उजवा पुढचा पाय बाजूला पसरलेला होता. आम्ही चिकटवलेलं पाउच त्यावर आलं, पण पाउच होतं पायापेक्षा अरुंद जागेत. त्यामुळे कोपर एका बाजूने पाउचमागे शिरतं आणि दुसऱ्या बाजूने पंजा बाहेर यायला पाहिजे तिथे फरशी. आम्हीच गडबडीत तो पंजा "कचरा" समजून पुसला होता. दिवसभर येणारा प्रत्येक जण तिला बिस्किट घालून सहानुभूती दाखवत होता. केटीची चंगळ झाली.

दुसरी प्रतिक्रिया दुपारी आली. एक काकू आल्या, हातात दादाचं पाउच घेतलं, मग बॅनरकडे बघितलं, मग परत पाउचकडे. म्हणाल्या, "बाळा, बोर्डावर लिहिलंय दहा किलोच्या कुत्र्याला रोज चार बिस्किटं आणि पाकिटावर लिहिलंय दोन. आमची डॉली म्हातारी आहे, तिचं वजन डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. मी नक्की किती देऊ?"

दादाचा चेहरा उतरला. आधी बिस्किट लहान होतं, तेव्हा चार लिहिलं होतं. मग साचा मोठा केला आणि पाउच नव्याने छापताना ते दोन केलं. मेलवर आलेली फाइल जुनी होती. छापील पाउच बरोबर होतं, आमचा "शार्प" फोटो चूक होता. त्याआधी किती जणांनी बॅनर वाचून पाकीट नेलं, कुणाला माहीत. दादाने उरलेला वेळ प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडाने "दोनच द्या" सांगण्यात घालवला. बॅनर आम्ही काढून गुंडाळला.

त्या संध्याकाळपासून माझं मत पक्कं झालं. जो कॅमेऱ्याने पाहिलाच नाही तो मजकूर फोटोत असू नये. धूसर अक्षर वाचणारा निदान पाकीट हातात घेऊन खात्री करतो. कडक पण खोटं अक्षर वाचणारा खात्री करत नाही. कुत्र्याच्या बाबतीतही तेच. पुसट पंजा दिसला तर चालतो, पण नसलेला पंजा किंवा जास्तीचा पंजा दिसला की बघणाऱ्याचा अख्ख्या चित्रावरचा विश्वास उडतो.

यावर आमच्या क्लबमधल्या एका मित्राचं म्हणणं असं, की मग एकाच क्लिकमध्ये जमेल तेवढंच घ्यावं, दोन फोटो जोडणं ही सुद्धा फसवणूकच. मला हे पटत नाही. पाउच तिथेच होतं, केटी तिथेच होती, कॅमेरा हलला नाही, प्रकाश बदलला नाही. फक्त दोघांना दोन वेगवेगळे क्षण मिळाले. यात जे दिसतं ते सगळं खरं आहे. फसवणूक जोडण्यात नाही, नसलेलं घालण्यात आहे.

आता दादासाठी आम्ही परत फोटो काढला तो कसा, ते सांगतो, म्हणजे हे नुसतं भाषण होणार नाही.

सगळ्यात आधी जागा बदलली. पाउच पंजांमधून उचलून केटीच्या खांद्याशेजारी आणलं, तिच्या डोळ्यांच्या पातळीत. ती आडवी पोटावर बसली होती, तोंड थोडं कॅमेऱ्याकडे वळवून. पट्टीने मोजलं तर पाउचचा दर्शनी भाग आणि तिचा जवळचा डोळा यांत मागे-पुढे ५ सेंटिमीटरच्या आत फरक. एफ/८ वर भोक सव्वासहा मिलिमीटर. सूत्रात घाला: ६.२५ गुणिले ५०, भागिले १५००. उत्तर ०.२ मिलिमीटर. हा फरक डोळ्याला जाणवत नाही. तिचं नाक डोळ्याच्या १० सेंटिमीटर पुढे असतं, पण तोंड थोडं वळलेलं असल्याने तेही फार पुढे येत नाही. अर्धं गणित लेन्सने नाही, पाकीट एक फूट सरकवल्याने सुटलं. पहिल्याच दिवशी हे सुचलं असतं तर एवढा लेख लिहावा लागला नसता!

उभं राहणारं पाउच थोडं मागे रेलतं, हेही लक्षात ठेवा. आमचं पाउच २४ सेंटिमीटर उंच. ते दहा अंश जरी रेललं तरी वरची कड चार सेंटिमीटर मागे जाते. म्हणून मागे एक छोटी वीट टेकवली, तळाला दुहेरी चिकटपट्टी लावली, कॅमेरा पाउचच्या मध्याच्या उंचीवर आणला. बिस्किटं एका कोपऱ्यात गोळा झाली की दर्शनी भागाला सुरकुत्या पडतात, त्यामुळे पाउच आडवं करून हाताने सारखं केलं आणि मगच उभं केलं. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसलंही, कारण वास आला की केटी मॉडेल राहत नाही, गिऱ्हाईक होते.

मग किती मोठी चौकट घ्यायची हा प्रश्न. दादाला पूर्ण केटी हवी होती, शेपटीसकट. आम्ही नाही म्हटलं आणि आकडे दाखवले. दीड मीटरवरून चौकटीची रुंदी येते साधारण ६८ सेंटिमीटर. तिच्यावर ६००० पिक्सेल पसरलेले, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ०.११ मिलिमीटर. दीड मिलिमीटरच्या अक्षराला १३ पिक्सेल मिळतात. इंग्रजी अक्षर एवढ्यात आरामात वाचता येतं, मराठीतलं जोडाक्षर जेमतेम. शेपटीसकट घ्यायचं तर अडीच मीटर मागे जावं लागतं. तिथे चौकट ११५ सेंटिमीटरची आणि अक्षराच्या वाट्याला ८ पिक्सेल. मग फोकस कितीही अचूक असला तरी "स्त" आणि "स्न" सारखेच. लेन्स कितीही भारी घ्या, नसलेले पिक्सेल ती कुठून आणणार? दादाने शेपटीवर पाणी सोडलं. अर्धी केटी आणि पूर्ण ओळ, असा सौदा ठरला.

जवळ जाऊन मोबाइलने काढला असता तर? तोही प्रयोग केला. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला तेवढीच चौकट भरायला ४५ सेंटिमीटरवर जावं लागतं. तिथे केटीने सरळ पाहिलं तर तिचा डोळा ४५ वर आणि नाक ३५ वर, म्हणजे नाक डोळ्यांच्या मानाने सव्वापटीहून मोठं दिसतं. केटीचा उंदीर होतो. दीड मीटरवर हाच फरक सात टक्क्यांचा राहतो. मोबाइलच वापरायचा असेल तर दुप्पट झूम लावून दुप्पट अंतरावर जा आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मोड मागचं धूसर करताना मिशा आणि पाउचची झिपजवळची कड कापून टाकतो. ऍनाटॉमी आणि छपाई, दोन्हींची वाट एकाच फटक्यात.

आता प्रत्यक्ष दोन फोटो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. पाउचवरची बारीक ओळ स्क्रीनवर मोठी करून त्यावर फोकस केला आणि लगेच लेन्सचं बटण मॅन्युअलवर टाकलं, म्हणजे कॅमेरा स्वतःच्या मनाने परत फोकस हलवणार नाही. व्हाइट बॅलन्सही ठरवून टाकला. यानंतर फक्त शटर आणि आयएसओ बदलायचे, बाकी कशालाही हात लावायचा नाही. भोकालाही नाही, कारण भोक बदललं की दोन फोटोंतलं धुकं वेगळं होतं आणि जोड दिसतो.

पहिला फोटो केटीचा. व्हरांड्यात सावलीतला उजेड होता. एफ/८ ला आयएसओ ८०० वर शटर मिळालं सेकंदाचा पाचशेवा भाग. यात डोकं हललं तरी नाक दुहेरी येत नाही. आयएसओ चढवल्याने थोडे दाणे येतात, ते केसांत खपून जातात. एक जण लेन्सच्या शेजारी पोळीचा तुकडा धरून उभा, एक जण शटरवर. पाउच जागेवरच, म्हणजे सावल्या खऱ्या पडतात.

हसरा कुत्रा म्हणजे काय, हेही आम्हाला तेव्हा कळलं. तोंड सैल उघडं, जीभ बाहेर, कान ढिले, डोळे मऊ. पण नुसती जीभ बघून फसू नका. ती वारंवार ओठ चाटायला लागली, जांभया द्यायला लागली, तोंड फिरवून डोळ्यातला पांढरा भाग दाखवायला लागली, तर ती कंटाळली किंवा घाबरली आहे. त्या वेळी काढलेल्या फोटोत दात दिसतात, मैत्री दिसत नाही. आम्ही दहा मिनिटांनी थांबलो, पाणी पाजलं, फिरवून आणलं आणि परत बसवलं. साठेक फोटोंतले चार चांगले निघाले.

दुसरा फोटो पाउचचा. केटीला हळूच उठवून बाजूला नेलं. पाउच तसंच, कॅमेरा तसाच. आता घाई नाही, वस्तू हलणारी नाही. आयएसओ १००, सेकंदाचा साठावा भाग, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्काही नाही. इथे खरी डोकेदुखी चकाकीची. पाउचचा वरचा थर गुळगुळीत प्लास्टिकचा, त्याखाली छपाई आणि त्याच्याही खाली चकचकीत थर. तो आरशासारखा वागतो. जिथून प्रकाश येतो त्याच्या उलट कोनात आकाशाचा पांढरा पट्टा उमटतो आणि नेमका बारीक ओळीवर बसतो. पाउच वळवता येत नव्हतं, कारण पहिल्या फोटोत ते त्याच कोनात होतं. म्हणून केटी जिथे बसली होती तिथे मॉडेल बनवून उरलेला थर्माकोलचा शीट उभा केला आणि पट्टा ज्या दिशेने येत होता तिकडे काळा पुठ्ठा धरला. पट्टा गेला, ओळ मोकळी झाली. केटी बसलेली असताना हे करता आलंच नसतं, म्हणूनही दोन फोटो लागतात.

मग संगणकावर दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. खाली केटीचा, वर पाउचचा. वरच्याला लेयर मास्क लावून फक्त पाउचचा आतला भाग उघडा ठेवला. कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा, जमिनीवरची सावली आणि केसांचा भाग सगळा पहिल्या फोटोतलाच. यासाठी बसवतानाच केटीचे केस आणि पाउच यांत दोन बोटांची फट ठेवली होती. केस पाउचवर टेकलेले असते तर एकेक केस कापत बसावं लागलं असतं आणि तिथेच नकली कड तयार झाली असती. तिची सावली पाउचवर पडू नये म्हणून उजेडही पाउचच्या बाजूने घेतला होता. नाहीतर पहिल्या फोटोत सावली असते, दुसऱ्यात नसते, आणि बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय एवढं नक्की कळतं.

शेवटी तपासणी. स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून आम्ही मेसमधल्या एका मुलाला बोलावलं. त्याने पाउच आधी पाहिलेलं नव्हतं. त्याला बारीक ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. तो वाचत असताना दादाने खरं पाउच हातात धरून शब्दाला शब्द लावला. ओळ पाठ असलेल्या माणसाला धूसर ओळही वाचता येते, म्हणून वाचणारा नवाच पाहिजे. मग केटी. चौकटीत दिसायला हवे तेवढे पाय मोजले, प्रत्येक पाय खांद्यापासून पंजापर्यंत बोटाने फिरून पाहिला, पंज्याची पुढची चार बोटं मोजली. हसू नका. तीन पायांचा बॅनर छापलेल्या माणसाला हे मोजावंच लागतं.

हे सगळं मिळून आमची एक दुपार गेली. "एवढ्यासाठी एवढं?" असं विचारणारे बरेच भेटले. त्यांना मी काकूंची डॉली सांगतो. फोटोतली ती ओळ कुणीतरी वाचतं आणि त्याप्रमाणे वाटीत बिस्किटं टाकतं. वाचता येणार नसेल तर ती ओळ फोटोत धूसर राहू द्या आणि खाली वेगळ्या टाइपात नीट छापा, तेही खऱ्या पाकिटावरून बघून. पण फोटोत कडक दिसणारं अक्षर हे पाकिटावरचंच अक्षर असलं पाहिजे.

नवा बॅनर आता दादाच्या स्टॉलवर असतो. केटीचे पुढचे दोन्ही पंजे त्यात दिसतात, मागचे पाय चौकटीबाहेर आहेत. पाउचवर "रोज २ बिस्किटं" असं स्वच्छ वाचता येतं. केटी मात्र हा नियम पाळत नाही. तिची केटी अजून सुटलेली नाही.